रेवाचे पहिले कार्ड

एकदा एक तरुण शिक्षिका एका वृद्ध गुरुजींकडे अध्यापन शिकण्यासाठी आली. तिचे नाव शाल्मली. गुरुजींनी आयुष्यभर लहान मुलांना अक्षरओळख करून दिली होती.

दिवाळी आठवड्यावर आली होती. वर्गातल्या साडेपाच वर्षांच्या रेवाला गावाकडच्या आजी-आजोबांना पहिलेवहिले कार्ड पाठवायचे होते. शाल्मलीने हौसेने जाड कागद दुमडला आणि आत टिंबाटिंबांनी सुबक अक्षरे आखून दिली : 'आपणांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.' रेवा टिंबे गिरवू लागली. 'हार्दिक'पाशी तिचा हात थांबला.

"ताई, हे कोण म्हणतंय?"

गुरुजींनी तो कागद शांतपणे बाजूला ठेवला आणि कोरा कागद दुमडून पुढे केला. शाल्मली चकित झाली.

"रेवा, आजी आत्ता इथं बसली असती, तर काय सांगितलं असतंस?" गुरुजींनी विचारले.

"माझा दात पडला!"

"मग आधी त्याचंच चित्र काढ."

रेवाने वरच्या पानावर मोठे हसरे तोंड काढले, दातांच्या रांगेत एक काळी खिडकी ठेवली. आत आकाशकंदील काढला आणि त्याखाली आजी-आजोबा. आजोबा इतके उंच झाले की त्यांचे पाय कागदात मावेनात. गुरुजींनी पेन्सिलीने फिकट, ऐसपैस ओळी आखल्या. रेवा एकेक शब्द सावकाश उच्चारी आणि जसा ऐकू येई तसा लिही. 'ज' आठवेना, तेव्हा गुरुजींनी तो वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दाखवला. तिने पाहून काढला, तो उलटा आला. शाल्मलीने खोडरबर उचलला. गुरुजींनी मानेनेच नको म्हटले.

'दात पडला. आजी ये. आजोबा या. रेवा.'

पाकिटावरचा पत्ता तेवढा गुरुजींनी लिहिला.

पाचव्या दिवशी रेवाची आई धावतच आली.

"गुरुजी, मामंजींचा फोन आला होता. सासूबाई कधी शाळेत गेल्या नाहीत. यंदाच गावातल्या प्रौढांच्या वर्गात मुळाक्षरं शिकल्यात. आजवरचं प्रत्येक पत्र मामंजींनीच वाचून दाखवलं. हे कार्ड मात्र सासूबाईंनी कुणाच्या हाती दिलं नाही. चित्र पाहिलं, शब्दाखाली बोट धरलं आणि स्वतः वाचलं. सकाळपासून आल्यागेल्याला वाचून दाखवतायत!"

शाल्मली गुरुजींकडे वळली. "गुरुजी, तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"नाही, बाळ. मला इतकंच ठाऊक होतं, की मूल आपलं बोलणं आपल्या हातानं लिहितं, तेव्हा चित्र शब्दाला आधार देतं. आपण मोठे मध्ये शिरलो, की शुभेच्छा पोहोचतात, मूल पोहोचत नाही. पण ते इतक्या दूरवर पोहोचतं, हे मलाही आजच कळलं."

गुरुजींचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षे शिकवूनही या माणसाचे नवल संपलेले नाही, हे शाल्मली पाहत राहिली.