बांधजाईच्या पानाची कहाणी

आज श्रावणातला दुसरा शनिवार. सकाळपासून आभाळ झाकलेलं, वारा पडलेला, पाऊस नाही. बायांनो, हातांत अक्षता घ्या, मुलांना जवळ बसवा. ऐका बांधजाई, तुमची कहाणी.

एक नगर होतं. नगराबाहेर उतरणीचं एक शेत होतं. शेताचा धनी म्हातारा झाला. त्याला दोन लेक. थोरला खेमाजी, धाकटा सटवाजी. म्हाताऱ्याच्या मनात आलं, माझ्या डोळ्यांदेखत वाटणी व्हावी. मग त्यानं पंच बोलावले. रीत अशी, की थोरल्यानं वाटे पाडावेत आणि धाकट्यानं आधी उचलावा. म्हणजे पाडणारा लबाडी करीत नाही. खेमाजीनं वाटे पाडले. वरचं शेत मोठं, पण मुरमाड. खालचं लहान, पण काळ्या खोल मातीचं. त्याला वाटलं, धाकटा मोठ्या वाट्याला भुलेल. सटवाजीनं खालचं उचललं.

"बरं केलंस," खेमाजी म्हणाला. "तिथं मी आंबा लावणार होतो."

"वर लाव की, दादा. कैऱ्या आपसूक माझ्याकडं घरंगळतील."

पंच हसले. खेमाजीही हसला, पण सगळ्यांच्या मागून.

मग मधोमध बांध घातला. दोन हात रुंद. एक हात वरच्यातला, एक हात खालच्यातला. दोन्ही टोकांना हद्दीचे दगड रोवले. दगडांखाली पाटी पाटी कोळसा पुरला. कोळसा कुजत नाही, त्याला वाळवी लागत नाही. दगड हलला तरी जागा कळते. विहीर सामाईक ठेवली, पाणी एक दिवसाआड. वाटणी झाली, आणि पुढं म्हातारा देवाघरी गेला.

खेमाजीची बायको लाडाई. तिनं बांधजाईचा वसा घेतला. वसा काय करावा? श्रावणातल्या शनिवारी बांधावर पान मांडावं, पानावर दहीभात वाढावा, हात जोडावे. पान वरच्या तासात, नांगराच्या रेघेत जाऊ नये, खालच्या तासात जाऊ नये. बांधजाई मधे बसते, मधेच जेवते. पहिल्या साली लाडाईनं केळीचं पान मांडलं. देवी जेवली, दोन्ही शेतं पिकली.

मग उन्हाळा आला. खेमाजीनं औत धरलं. बांधाशी आल्यावर बैल वळवायचे, तो वळवीना. फाळ बांधात घातला. ढेकूळ सुटलं, तासात पडलं. वरचं शेत वीतभर वाढलं.

सटवाजी बांधावर आला.

"दादा, औंदा गवत कमी दिसतं."

"पाऊस कमी झाला."

"पाऊस तर माझ्याकडंही तेवढाच झाला."

"मग बैलांनी खाल्लं असेल."

"कुणाच्या?"

"बैलाला काय विचारतोस, सटवा? तो सांगणार आहे का?"

सटवाजी घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्यानंही औत जुंपलं. मग खालूनही बांध तासला गेला.

"तुझा फाळ नवा दिसतो," खेमाजी म्हणाला.

"नवा कुठला? लोहारानं धार लावून दिली. म्हणाला, तुझ्या दादानंही लावून नेली."

"लोहार फार बोलतो."

"हो. आपल्यात तोच तेवढा बोलतो."

श्रावण आला. लाडाई केळीचं पान घेऊन बांधावर गेली. पान मावेना. एक कड वर लोंबते, एक कड खाली. तिला कळायचं ते कळलं. नवऱ्याला विचारलं नाही, दिराला विचारलं नाही. परसात गेली, हळदीचं पान तोडून आणलं. ते मावलं. देवी अर्धपोटी उठली.

पुन्हा उन्हाळा आला. वरून तासलं, खालून तासलं. पुन्हा श्रावण आला. आता हळदीचं पान मावेना. सटवाजी खाली खुरप्यानं तण काढत, भांगलत होता.

"वहिनी, जपून. पाय घसरला तर कुणाच्या शेतात पडाल, सांगता यायचं नाही."

"भाऊजी, मी पडले तर उचलाल ना?"

"माझ्याकडं पडलात तर."

लाडाईनं मान खाली घातली. चंचीतून विड्याचं पान काढलं, त्यावर चार शितं ठेवली, हात जोडले. घरी येऊन म्हणाली, वसा झाला. देवी उपाशी उठली.

मग त्याच रात्री पाऊस आला. उतरणीचं पाणी बांधाला भिडलं. बांध राहिला होता वीतभर. तो मधोमध फुटला. वरच्या शेतातली माती बाजरीसकट वाहिली. ती खाली जाऊन सटवाजीच्या पिकावर बसली. वर मुरूम उघडा पडला, खाली रोप गाडलं गेलं.

सकाळी लाडाईच्या दारात एक म्हातारी आली. पाय चिखलानं भरलेले.

"बाई, जेवायला वाढ."

लाडाईनं केळीचं पान मांडलं.

"एवढं मोठं? मला आता सवय राहिली नाही." म्हातारीनं ओच्यातून विड्याचं पान काढलं. "ह्याच्यावर वाढ. काल वाढलं होतंस, तसं."

लाडाईच्या हातातली पळी थांबली. वर बघवेना. भात घेऊन वळते, तो उंबऱ्यात कुणी नाही, चिखलाची पावलं तेवढी.

दुपारी खेमाजी जेवायला बसला. तिनं ताट मांडलं नाही. विड्याचं पान ठेवलं, त्यावर चार शितं ठेवली.

"हे काय?"

"बांधावर मावतं तेवढं वाढलंय."

खेमाजी पानाकडं बघत राहिला. मग न जेवता उठला. धाकट्याच्या दारात गेला.

"सटवा, कुदळ आहे का?"

"तुझी मोडली?"

"आहे माझी. दुसरी हवी होती."

सटवाजीनं कुदळ घेतली, पाटी घेतली, मागोमाग निघाला. बांध तर धड उरला नव्हता. आता धरायचं ते दगडच. पूर्वेच्या दगडाशी आले. खेमाजीनं तिथं खणलं. माती निघाली. आणखी खणलं. मुरूम निघाला. कोळसा निघेना.

"इथं नसेल," खेमाजी म्हणाला.

"मग कुठं असेल?"

खेमाजी उठला. स्वतःच्या उभ्या बाजरीत शिरला. इकडं पाहिलं नाही, तिकडं पाहिलं नाही, दोरी लावली नाही. एका जागी थांबून त्यानं कुदळ घातली. पहिल्याच घावाला कोळसा वर आला.

सटवाजीनं कोळशाकडं पाहिलं, दादाच्या तोंडाकडं पाहिलं नाही. मग म्हणाला,

"हात काळे झाले तुझे. धू."

"धुतो मागाहून."

"मग चल. पश्चिमेचं टोक मी दाखवतो."

तो पुढं झाला. पश्चिमेचा दगड ओलांडून आपल्याच शेतातल्या गाळात उतरला. गुडघाभर गाळ, वर काही खूण नाही. त्यानं जागा धरली आणि खणू लागला. खेमाजीनं पाटी पुढं केली. गाळ उपसला, कोळसा लागला.

"तुझेही झाले," खेमाजी म्हणाला.

"हो, दादा."

मग दगड उचलून कोळशावर ठेवले. दगडापासून दगडापर्यंत दोरी ताणली. दोरीच्या वर एक हात, खाली एक हात धरला. वरून वाहून आलेला गाळ पाट्यांनी उचलून बांधात घातला, चोपून बसवला, वर गवत लावलं. लाडाईनं पाणी घातलं. उरल्या शनिवारी तिनं केळीचं पान मांडलं आणि पुरा दहीभात वाढला.

त्या साली वरच्या शेतात निम्मी बाजरी झाली. खालच्या शेतात काही झालं नाही. पूर्वेला खेमाजीनं दगड सरकवून घेतलेली पट्टी सटवाजीकडं गेली, पश्चिमेला सटवाजीनं तशीच घेतलेली खेमाजीकडं आली. बांध दोन हात राहिला.

बांधजाई त्यांच्या बांधावर पोटभर जेवली, तशी तुमच्या आमच्या बांधावर जेवो. पसाभर बोलांची ही कहाणी, मुठीएवढ्या बोलांत सांगितली, सुफळ झाली.