न मेलेल्याला राजा दिसत नाही

"पण राजा आहे कुठे?"

निनाद राजाध्यक्षने कंट्रोलर टेबलावर आपटला. पडद्यावर दरबार होता, सिंहासन होतं. सिंहासनावर कुणीच नव्हतं.

फिलोमिना मावशींनी चष्मा वर सरकवला आणि पडद्याकडे पाहिलं. वसईच्या बाजारात त्यांचं गेम खेळायचं छोटं दुकान होतं. साठी उलटली होती, पण 'विझलेला गड' हा गेम त्यांच्याइतका कुणालाच कळला नव्हता. लांबलांबून पोरं त्यांना विचारायला येत.

निनाद पुण्याहून आला होता. गोळीबाराच्या गेममध्ये त्याने चार स्पर्धा जिंकल्या होत्या. त्याच्या चॅनेलवर लाखभर माणसं होती, आणि त्याने त्यांना शब्द दिला होता की 'विझलेला गड' तो एकदाही न मरता पुरा करून दाखवेल.

"गेम बिघडलाय," तो म्हणाला. "शेवटच्या दालनात ज्याला हरवायचं तो बॉसच नाही. दोन दिवस फिरतोय."

"किती वेळा मेलास?"

"शून्य." निनादची मान ताठ झाली.

मावशींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"...शून्य?" त्यांनी विचारलं.

निनाद खाली बघू लागला. मग त्याने खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

हा गेम क्षणाक्षणाला आपोआप सेव्ह होतो. मागे जायची सोय त्यात नाही. म्हणून निनाद प्रत्येक अवघड वळणाआधी सेव्ह फाइलची नक्कल काढून ठेवायचा. मेला, की गेम बंद. जुनी फाइल पुन्हा जागेवर. मेल्याची खूण कुठेच राहायची नाही.

"सगळेच करतात," तो म्हणाला. "आणि मेल्यावर असं काय असतं? दुसऱ्या गेममध्ये मेलो की घड्याळ मागे जातं, गोष्ट तिथूनच पुढे चालते. मरणं म्हणजे चूक. चूक खोडायची."

"गडावरचे शिपाई," मावशी म्हणाल्या, "मारलेस तरी परत का उठतात?"

"गेम आहे म्हणून."

"दीपमाळेजवळची बाई काय म्हणाली?"

"ती मुकी आहे."

मावशी उठल्या, आत गेल्या आणि वाफाळता चहा घेऊन आल्या. कप काठोकाठ भरलेला होता.

"धर. दोन्ही हातांनी. सांडू नको."

निनादने कप धरला. मावशींनी त्याचा कंट्रोलर उचलला, पडद्यावरच्या त्याच्या वीराला दरबारातून बाहेर अंगणात नेलं आणि एका फाटक्या शिपायासमोर उभं केलं. मग कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला.

"मावशी! तो मारेल!"

"हो."

"शत्रू मारून कमावलेलं चाळीस हजार तेज आहे माझ्या वीराकडे! सगळं पडेल!"

"पडेल."

शिपायाने भाला उचलला. निनादचे अंगठे कपाच्या कडेवर आपोआप हलले. चहा हिंदकळला, पण हात सुटेनात.

पहिला वार. दुसरा. वीर गुडघ्यावर आला... आणि कोसळला.

पडदा काळा झाला. मग दीपमाळेच्या पायाशी एक ज्योत उठली, आणि ज्योतीतून त्याचा वीर उभा राहिला. चेहरा तोच होता, पण डाव्या गालावर राखेचा एक डाग होता.

दीपमाळेजवळची बाई वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आलास?" ती म्हणाली. "मला वाटलं, तू बाहेरचा आहेस. राजाने या गडावरचं मरण काढून घेतलंय. इथला प्रत्येक जण याच दिव्याशी उठतो. शिपाई उठतात, तूही उठलास. आता तू आमचा."

निनादने कप खाली ठेवला.

"ही बोलते..."

"मेलेल्यांशी बोलते," मावशी म्हणाल्या.

त्या दुपारी त्याने अंगण पुन्हा ओलांडलं. सगळे शिपाई उठून आपापल्या जागी उभे होते, पण त्याने आधी उघडलेला चोरदरवाजा उघडाच होता. मारलेले दोन मोठे सरदारही परतले नव्हते. त्यांना त्याने गडावर सापडलेल्या राखेच्या सुरीने संपवलं होतं, आणि त्या सुरीचं मरण खरं असतं. हे त्याला आता बाईकडून कळलं.

तो मेला होता त्या जागी त्याचं तेज निळसर जळत पडलं होतं. त्या तेजाला हात लागायच्या आत तो दुसऱ्यांदा मेला असता, तर ते कायमचं गेलं असतं. निनाद श्वास रोखून भाल्यांमधून वाट काढत गेला. हात टेकला. चाळीस हजार परत.

तो ओरडलाच. तेच चाळीस हजार मिळवताना त्याला काहीच वाटलं नव्हतं.

मग दरबाराचं दार उघडलं.

सिंहासनावर राजा बसला होता.

राजाने त्याला तीन वारांत मारलं.

"मी हे खोडत नाही," निनाद म्हणाला. पेन ड्राइव्हवरच्या सगळ्या नकला त्याने स्वतः पुसल्या. मग कॅमेरा लावून तो चॅनेलवरच्या माणसांना म्हणाला, "मी खोटं बोलत होतो. आता बघा."

शिव्या आल्या. बरेच जण सोडून गेले. तो खेळत राहिला.

पाचव्या मरणानंतर कळलं की राजा तलवार वर नेऊन क्षणभर थांबतो. घाबरून आधी लोळण घेतली, की वार बरोबर अंगावर येतो. बाराव्याला कळलं की मागे पळायचं नाही, वाराच्या आत शिरायचं. लोळण्याच्या नेमक्या मधल्या क्षणी तलवार अंगातून गेल्यासारखी जाते. विसाव्याला हाव नडली. एक वार जादा मारला, दम संपला, ढाल उचलता आली नाही.

दर वेळी राजाची ताकद पुन्हा पूर्ण भरलेली असायची. तरी काहीतरी बदलत होतं.

"परत आलास?" राजा हसून म्हणायचा.

पुढे, "अजून?"

एकोणतिसाव्या वेळी राजा हसला नाही. पस्तिसाव्या वेळी सिंहासनावरून उठताना म्हणाला, "मी तुला मारलं होतं. मला आठवतंय."

निनाद थबकला. हळूच म्हणाला, "मावशी... हा घाबरलाय."

मावशी गल्ल्याशेजारी भाजी निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

"बाईने सांगितलं होतं," निनाद स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "राजाने मरण काढून घेतलं ते स्वतःच्या भीतीने. आणि त्यामुळेच मी परत परत येतोय. यानेच मला न संपणारा बनवलं. मी मेलो नसतो, तर ही गोष्टच..."

वाक्य अर्धंच राहिलं. राजा चालून येत होता.

तिसऱ्या दिवशी, दुपारी चारला, दुकान भरलं होतं. बाजारातली माणसं दारात उभी होती. पडद्याच्या कोपऱ्यात मरणांचा आकडा होता: एक्केचाळीस.

तलवार वर गेली. थांबली.

निनाद थांबला. सगळं दुकान थांबलं.

तलवार खाली आली. तो आत शिरला. एक वार, दुसरा... तिसरा मारायचा मोह त्याने सोडला आणि दम भरू दिला. पुन्हा तलवार. पुन्हा आत.

राजा गुडघ्यावर आला. "नाव सांग," तो म्हणाला. "कुणी हरवलं ते मला कळू दे."

वीराने राखेची सुरी काढली.

गडावरच्या साऱ्या दिव्यांनी एकदम पेट घेतला. अंगणातल्या शिपायांनी भाले खाली ठेवले, आणि एकेक जण शांतपणे आडवा झाला. कुणीच परत उठलं नाही.

दुकान दणाणलं. कुणी निनादला उचललं, कुणी त्याच्या पाठीत धपाटे घातले. तो हसत होता आणि डोळे पुसत होता. गर्दीतून वाट काढत तो मावशींच्या पाया पडला.

"मावशी, जिंकलो! मी जिंकलो!"

मावशींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेचाळीस जणांचं अभिनंदन. मेलेल्या एक्केचाळिसांचं आधी."