बाबलची दोन गलबतं

फार मागची गोष्ट. आपल्या खाडीत तेव्हा एक गलबत होतं. त्याने गडाच्या धन्याला वादळातून वाचवलं होतं. म्हणून धन्याने शब्द दिला होता: या गलबतात, पाण्यावर, जो तीन भरत्या काढील त्याला कुणी धरायचं नाही.

गलबताची डागडुजी धाकू मिस्त्री करत. हाताखाली बाबल होता, त्यांचा शिष्य. दरवर्षी एकदोन फळ्या किडायच्या. मिस्त्री शेजारच्या जुन्या फळीच्या कडेला गेरू फासत, नवी फळी तिच्यावर दाबत आणि लाल उठेल तिथे तासत. कडेवर सगळीकडे गेरू उठला की फळी बसली. वीस वर्षांत मूळची एकही फळी उरली नाही. काढलेल्या फळ्या बाबलने खोपीत जपल्या, पुन्हा जोडल्या. त्या त्याच्या मेलेल्या बापाने तासलेल्या होत्या.

"खरं गलबत माझ्या खोपीत आहे," तो म्हणायचा.

"तुझं लाकूड खरं," मिस्त्री म्हणत. "पण हे एक दिवसही गलबत असायचं थांबलं नाही. प्रत्येक नवी फळी जुन्यांनी धरून घेतली."

"मग सगळ्या जुन्या गेल्यावर कुणी कुणाला धरलं?"

मिस्त्री हसत. "तुझी फळ्यांची रास वीस वर्षं काय होती रे? सरपण?"

एका सकाळी मिठागरातला खेमा धावत आला आणि गलबतात चढला. शिपायाने खेमाच्या बायकोला मारलं म्हणून त्याने शिपायाचा हात मोडला होता. मागोमाग हवालदार आला.

"यात एक तरी जुनी फळी आहे? नाही ना? मग हे ते गलबत नव्हे. उतरव त्याला."

"कितव्या फळीला ते संपलं, हवालदार?" मिस्त्रींनी विचारलं.

हवालदार खोपीकडे बोट करून म्हणाला, "ते खरं. आणि ते जमिनीवर आहे."

सगळे बाबलकडे बघू लागले. वीस वर्षं तोच हे बोलत आला होता.

"मी खोटं बोलणार नाही," बाबल म्हणाला. "मला ते खरं वाटतं, मिस्त्रींना हे. दोन्ही पाण्यात घालू."

गावाने खोपीतलं गलबत ओढून आणलं आणि काथ्याने दुसऱ्याला बांधलं. खेमा एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभा राहिला. हवालदार काठावर बसून भरत्या मोजू लागला.

जुन्या सांध्यांतून पाणी धो धो येत होतं. बाबल उपसत राहिला. दुसऱ्या भरतीला त्याच्या हातांची सालं गेली, तेव्हा मिस्त्री चढले आणि शेजारी बसून उपसू लागले.

"हे गलबत नव्हे म्हणता ना?"

"नव्हेच. उपस."

असं म्हणतात, तिसऱ्या भरतीला खाडीचं पाणी फुगलं ते दोन्ही गलबतांभोवती थांबून राहिलं, आत आलं नाही. भरती ओसरू लागली तसा हवालदार उठला आणि निघून गेला. खेमाने जुन्या गलबतातला पाय उचलला, मागोमाग मिस्त्री आणि बाबलही दुसऱ्यात आले. जुन्यात पाणी पुन्हा शिरू लागलं, तेव्हा बाबलने काथ्या सोडला आणि त्याच्या बापाच्या फळ्या तळाला गेल्या.

आजही या खाडीत कुठल्याही होडीची फळी बदलायची तर आधी शिष्य म्हणतो, "ही ती नव्हे," आणि मिस्त्री म्हणतो, "हीच ती." दोघं कडाकडा भांडतात. भांडण मिटवायला कुणी आलाच, तर त्याला त्या दिवशी होडीत घेत नाहीत.