दुर्भगा सुमेखला

पूर्वी चतुर्थ काळात, मोक्षमार्ग खुला असताना, वैताढ्य पर्वताच्या दक्षिणेस विशोकपुर नावाचे समृद्ध नगर होते. तेथील राजकन्या सुमेखला रूपवती, मधुरभाषिणी आणि सेवापरायण होती. तरीही ती कोणालाच आवडत नसे. तिने रुग्णांचे पाय चेपले, तर रुग्ण बरे होऊन दुसऱ्याच दासीचे गुण गात. ती उद्यानात येताच सख्यांना घरची कामे आठवत. प्रत्यक्ष जन्मदात्री राणी धृतिषेणाही तिला जवळ घेताना अवघडून जाई आणि का ते तिचे तिलाच उमजत नसे. लोक म्हणत, मुलीत काहीतरी खोट असणार. लोकांचे काय, उचलली जीभ लावली टाळ्याला! खोट मुलीच्या आजच्या आचरणात तिळभरही नव्हती.

एके दिवशी ती एकटीच अशोकवृक्षाखाली रडत असता सौधर्म स्वर्गातील मणिकेतु नामक देव आपल्या तेजाने दिशा उजळीत तिच्यासमोर प्रकट झाला.

“कल्याणी, वर माग.”

“देवा, मला राज्य नको, रत्ने नकोत. कुणीतरी आपण होऊन माझ्यापाशी बसावे, एवढेच द्या.”

देवाने विक्रियाशक्तीने क्षणात शंभर सख्या निर्माण केल्या. त्या हसल्या, तिच्याभोवती बसल्या. सुमेखलेने एकीचा हात हाती घेतला आणि सोडून दिला.

“हे तुमचेच खेळ आहेत. खरे माणूस द्या.”

सख्या विरल्या. देवाने मान खाली घातली.

“ते माझ्या हाती नाही. गतजन्मांपर्यंत पाहणाऱ्या अवधिज्ञानाने मी तुझे पूर्वकृत्य जाणतो. पूर्वीच्या एका जन्मी एका गावात दोन बहिणी एकमेकींवाचून जेवत नसत. तू त्यांची शेजारीण. मत्सराने तू इकडचे खोटे तिकडे, तिकडचे इकडे नेलेस आणि त्या कायमच्या तुटल्या. हे विश्व कर्म बनू शकणाऱ्या सूक्ष्म पुद्गलांनी, जड कणांनी, ठासून भरलेले आहे. मन, वचन, काया हलली की आत्म्याचे प्रदेश म्हणजे अंश कंप पावतात आणि ते पुद्गल खेचले जातात. किती यावेत आणि कोणत्या जातीचे व्हावेत, हे त्या हालचालीवर ठरते. किती काळ टिकावेत आणि किती तीव्र फळ द्यावे, हे क्रोध, कपट अशा कषायांवर. तेल लावलेल्या अंगालाच धूळ चिकटते ना? तुझ्या कपटाचे तेल दाट होते. वाकड्या वाणीने गुणी असूनही इतरांना नकोसे करणारे दुर्भग नावाचे नामकर्म बांधले गेले. दीर्घकाळ ते सुप्त राहिले. आज उदयास आले आहे.”

“मग ते खरवडून काढा!”

“दुसऱ्याच्या आत्म्यावरचा एक परमाणूही इंद्राला काढता येत नाही. आणि माझे दैव पाहा: स्वर्गात सारे आहे, पण आम्हा देवांना साधे व्रतही घेता येत नाही. तू मनुष्य आहेस. व्रतीच्या ठायी हे कर्म आपले फळ देत नाही. रूप पालटून झडून जाते.”

सुमेखला उठली ती थेट आचार्य क्षमाधरांच्या तपोवनात गेली.

“भगवन्, मला दीक्षा द्या.”

“कशासाठी, वत्से?”

“लोकांनी माझ्यावर प्रेम करावे म्हणून.”

“मग परत जा. फळाची अशी लालसा म्हणजे निदान, ते काळजात रुतलेले शल्य आहे. शल्य असलेला व्रती होत नाही. वेष पालटशील, कर्म जागचे हलणार नाही.”

अरेरे! आस धरली की जे लागूच पडत नाही, असे औषध कुणाच्या वाट्याला येऊ नये.

हताश होऊन ती आश्रमाच्या सीमेवर बसली. मणिकेतु तेथे येऊन उभा होता. तिने विचारले, “त्या बहिणींचे पुढे काय झाले?”

“धाकटी मी. कालांतराने धर्म लाभला, म्हणून हे देवपद. थोरली दारात पाट मांडून माझी वाट पाही. शेवटी त्या दारातच गेली.”

आजवर सुमेखला स्वतःच्या एकाकीपणासाठी रडली होती. आज प्रथमच दुसरीच्या एकाकीपणासाठी रडली. तो पाट, ते दार तिच्या डोळ्यांपुढून हलेना. कितीतरी दिवस ती तेथेच बसून राहिली आणि त्या दुःखात स्वतःसाठी काही मागायचे तिला सुचलेच नाही. मग तिने आचार्यांपुढे आपला दोष उच्चारला.

“आता काय हवे?” आचार्यांनी विचारले.

“काही नको. पुन्हा कुणाला तोडणारे कपट माझ्या हातून घडू नये.”

तिने हातांनी केस उपटून केशलोच केला, शुभ्र वस्त्र नेसले, मोरपिसांची पिच्छी घेतली आणि ती आर्यिका, जैन साध्वी, झाली.

पुढे गावोगाव पायी विहार करीत ती विशोकपुरास आली, तेव्हा सारे नगर लोटले. ज्यांनी पाठ फिरवली होती, त्यांना तिच्यावरून नजर काढवेना. राणी धृतिषेणा तर अनवाणी धावली.

“बाळे, माझ्या डोळ्यांवर कसले पडळ होते गं! आता चल घरी. मी तुला क्षणभर दूर करणार नाही.”

आर्यिकेच्या अंतरंगात ओढ उठली. आसक्तीही तेलच, हे तिने ओळखले. उठलेल्या ओढीकडे ती नुसती पाहत राहिली, आणि ती ओसरली.

“अंब, तुमचा काही दोष नव्हता,” ती शांतपणे म्हणाली, “आणि आता मला घर नाही.”

ती पुढे निघाली. राणी वेशीपर्यंत मागे गेली आणि तेथेच कोसळून आक्रोश करू लागली. त्या शोकाच्या प्रत्येक हुंदक्यासरशी नवे पुद्गल त्या मातेच्या आत्म्याला येऊन चिकटत होते, पुढे दुःख देणाऱ्या असातेचे बंध पडत होते. आर्यिकेला ते ठाऊक होते. आईसाठी त्यांतला एक कणही तिला काढता येणार नव्हता.