मोहरीएवढी ठिणगी

एका राज्यात अग्नी होता, पण ऊब नव्हती. चुली पेटत, समया तेवत, होमकुंडात ज्वाला उठत. पण ज्वालेत हात धरला तरी तो पोळत नसे आणि रीत म्हणून चुलीवर ठेवलेले आधण थंडच राही. प्रजा भिजवलेल्या डाळीवर जगे आणि देवालाही नैवेद्य कच्च्या तांदळाचाच दाखवावा लागे. पूर्वी तिथल्या राजवंशातील एका राजाने समईवर हात ठेवून, एका मांत्रिकाच्या कन्येला मनात नसलेले प्रेम शपथेवर सांगितले होते. मांत्रिक म्हणाला होता, "दिव्यापुढे खोटे बोललात. दिवा राहील, ऊब जाईल. तुमच्या वंशातील कोणी मनात जेवढे आहे तेवढेच बोलेल आणि समोरूनही तसेच खरे उत्तर येईल, तेव्हाच ती परतेल."

त्या वंशात युवराज निरंजन जन्मला. नदीपलीकडच्या राजकन्येशी, पद्मरेखेशी, त्याची पहिली भेट नदीकाठच्या देवळात ठरली. रीतीप्रमाणे दोघांमध्ये एक विझलेले निरांजन ठेवले होते. वाजंत्री वाजत होती, मानकरी टक लावून बसले होते. युवराजाने चौदा पूर्वजांची नावे पराक्रमांसह सांगितली. सातव्यापाशी राजकन्येने पदराआड जांभई दिली. त्याने तिला काहीच विचारले नाही. निघताना मात्र देवळाच्या हत्तिणीने युवराजासाठी आणलेला हार तबकातून उचलून खाल्ला आणि वर त्यालाच सोंड उंचावून नमस्कार केला. दोघे एकाच क्षणी हसले. त्या हसण्यातून मोहरीएवढी ठिणगी निरांजनात पडली.

युवराजाने ते निरांजन घरी आणले. ठिणगी फुलेना, विझेना. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप नेणारी साळुंकी त्याच्यापाशी येऊन बसली.

"भेट कशी झाली, युवराज?"

"बेताचीच. तरी तिला पुन्हा भेटावेसे वाटते."

"तर आजच कळवा. एवढी लहान ठिणगी फार दिवस वाट पाहत नाही. शब्द तिच्याएवढेच हवेत. मोठा शब्द तिला विझवतो, आणि लहान शब्दही."

युवराज म्हणाला, "सांग तिला, तुझ्यावाचून मला अन्न गोड लागत नाही."

"अन्न इथे कोणालाच गोड लागत नाही, बाळराजे." साळुंकीने पंख उचलले, पण ते शब्द शिळेसारखे जड झाले होते, तिला उडता येईना. निरांजनातून धूर निघाला.

युवराज ओशाळला. "मग असे सांग, सहज आठवण झाली. कधी इकडे येणे झाले तर पाहू."

ते शब्द इतके हलके निघाले की चोचीतून निसटून वाऱ्यावर गेले. ठिणगीवर राख चढली.

"आता एकदाच," साळुंकी म्हणाली. "आणखी चुकलात तर धरायला काही उरणार नाही."

युवराज देवघरात गेला. मूर्तीपुढे डोळे मिटून त्याने स्वतःला विचारले, खरोखर मनात किती आहे? मग बाहेर येऊन तो सावकाश बोलला, "राजकुमारी, काल मी फार बोललो, आपणांस काही विचारले नाही. हत्तिणीने हार खाल्ला तेव्हा आपण हसलात, ते मला आवडले. त्यापलीकडे मला अजून काही ठाऊक नाही. पण जाणून घ्यावेसे वाटते. शुक्रवारी सकाळी ती हत्तीण घाटावर अंघोळीला येते. वाजंत्री नको, मानकरी नकोत, घटकाभर चालू. मन नसेल तर नाही म्हणावे, मी पुन्हा विचारणार नाही."

साळुंकीने ते शब्द तांदळाच्या दाण्यासारखे अलगद चोचीत धरले आणि ती उडाली.

दिवस गेला, पक्षी परतला नाही. प्रधान आला. "युवराज, दुसरा पक्षी धाडावा. आपली प्रजा उपाशी आहे, हे तिला कळवावे. ती नाही म्हणू शकणार नाही."

"म्हणूनच कळवायचे नाही," युवराज म्हणाला. "तो निरोप राहणार नाही, खंडणी होईल."

त्याने निरांजनापुढे मांडी घातली. दुसरा पक्षी धाडला नाही.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी साळुंकी आली. ती राजकन्येच्या आवाजात बोलली, "युवराज, आपले पूर्वज मला कंटाळवाणे वाटले. आपण कसे आहात ते कळलेच नाही. माझ्याही मनात फार काही नाही. पण ती हत्तीण आठवून वाटेत मी दोनदा हसले. शुक्रवारी माझे व्रत आहे. शनिवारी येईन, घटकाभरच. पुढचे पुढे पाहू."

युवराजाने राख झटकायला बोट पुढे केले, आणि ते पोळले.

तो आपल्या बोटाकडे पाहतच राहिला. त्या राज्यातील कोणत्याही जिवंत माणसाने तोवर तसली वेदना जाणली नव्हती. निरांजनातली ठिणगी मोहरीएवढीच होती, पण तिची ऊब भिंतींवरून, ओसरीवरून, रस्त्यांवरून पसरत गेली. घरोघरी आधणाचे पाणी बुडबुडू लागले आणि तो आवाज ऐकून म्हातारी माणसे हात जोडून उभी राहिली. देवळात पुजाऱ्याने नैवेद्याचे तांदूळ शिजवून झाकण उचलले. वाफ गाभाऱ्यात चढली आणि देवाच्या मुखावर दव जमले.

शनिवारी दोघे घाटावर चालले. युवराजाने विचारले, राजकन्येने सांगितले. हत्तिणीने दोघांनाही भिजवले. निरांजनात ज्योत उठली, वातीच्या टोकापुरतीच.

तेल घालायला आता दोघे होते. त्या राज्यात अन्न शिजते आहे, देव तृप्त आहे. ही कथा त्याच्या चरणी ठेवली.