सातेरीचा कौल आणि धुरंधर साहेब

सातेरी देवीचं देऊळ सरकारी वारसा यादीत आलं नाही, तर रस्त्याच्या रुंदीकरणात दीपमाळ जाणार होती. म्हणून वाडीने समर्थनाचं पत्र लिहायला निवृत्त शिक्षिका कुंदाबाई मेस्त्रींना बसवलं. बाईंनी शिलालेखाचा ठसा, मोडी सनदेची नक्कल, शंभर वर्षांपूर्वीचा जत्रेचा फोटो, सगळं जोडलं.

पाहणीला आलेले पुरातत्त्व खात्याचे धुरंधर साहेब आधी गाभाऱ्यापाशी गुरवाशी कुजबुजून आले. मग सभामंडपात फाईल चाळत म्हणाले, "देऊळ जुनं आहे, मान्य. पण तुम्ही 'आजही वापरात' असं लिहिलंय. देवीच्या अंगाला फुलं चिकटवायची, उजवं पडलं की होकार, हे कौलाचं खूळ आता कोण करतं? वापराचा ताजा पुरावा द्या, नाहीतर अर्ज फेटाळतो."

"देते की," म्हणत बाईंनी पत्राखाली चार ओळी वाढवल्या आणि खणखणीत आवाजात वाचल्या. "कौलाची प्रथा अखंड चालू आहे. आजच सकाळी अकरा वाजता एका सरकारी अधिकाऱ्यांनी, पुण्याला बदली होईल का, म्हणून कौल लावला. फूल उजवं पडलं. साक्षीदार गुरव, आणि खांबाआड वाती वळत बसलेली मी."

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. "नाव... नाव लिहिलंत?"

"छे हो! जागा कोरी ठेवलीय. पुरावा अपुरा वाटला, तर भरते."