तुळेतला शनी

एका राज्यात रत्नध्वज राजा आणि कुमुदिनी राणी सुखाने नांदत होती. राजाच्या पदरी एक साळुंकी होती. तिला ग्रहांचे गणित येई. एके दिवशी ती म्हणाली, "महाराज, आपल्या कुंडलीत सातव्या घरी, म्हणजे विवाहाच्या घरी, तूळ राशीत बारा अंशांवर शुक्र आहे. मार्गशीर्षात शनी नेमका त्या अंशावर येतो. आपला संसार तो तोलील."

राजाने ऐकले, 'तोडील.'

घाबरून तो कपालभद्र चेटक्याकडे गेला. चेटक्याने निळ्या खड्याची अंगठी दिली. "घाला महाराज. तुटण्याचे दुःख होणार नाही."

अंगठी शापित होती. मार्गशीर्षात शनी शुक्राला भिडला आणि राजाचा हात मनगटापर्यंत दगडाचा झाला. राणीला पाहून त्याला काही वाटेना. तो वेगळा जेवू लागला.

राणीने साळुंकीला विचारले, "बाई, तू नेमके काय म्हणालीस?"

"तोलील."

"अगं, त्यांनी तोडील ऐकले!"

"कान राजाचे, पण मळ सगळ्यांसारखाच," साळुंकी म्हणाली. "तूळ ही शनीची उच्च रास. तिथे तो न्यायाने वागतो. त्या अंशावर तो तीनदा येईल. आत्ता पुढे जाताना गोडवा काढून घेतो. वैशाखात वक्री होऊन मागे येईल, तेव्हा जुने उकरील. भाद्रपदात मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ चालीचा, होऊन येईल आणि विचारील, राहतोस का? राजाने तिन्ही वेळा पळ काढला, तर काळीजही दगड होईल."

राणीने जाऊन सारे सांगितले. राजा म्हणाला, "पण मला तुमच्याविषयी काही वाटत नाही."

"नसू दे. जेवायला या."

तो रोज गेला. तिच्या पंक्तीला जेवला. दगड मनगटावरच थांबला.

वैशाखात शनी मागे फिरून आला. राणी अचानक म्हणाली, "माझी आई शेवटच्या घटका मोजत होती. मला माहेरी न्यायला पालखी का नाही धाडलीत?"

"राज्यकारभार..." राजा बोलू लागला आणि दगड सरसर खांद्यापर्यंत चढला. तो थांबला. "नाही. शिकारीत रमलो होतो. विसरलो."

राणी खूप रडली. "अकरा वर्षे एवढेच ऐकायचे होते मला."

दगड बोटांपर्यंत उतरला.

भाद्रपदात कपालभद्र आला. "राणीला सोडा महाराज. हात आत्ता बरा करतो. नाहीतर जन्मभर असाच राहील."

राजाने राणीकडे पाहिले. "तुम्हाला जायचे असेल तर दार मोकळे आहे. मी मात्र राहतो. हात राहिला तर राहिला."

"मीही राहते," राणी म्हणाली.

अंगठी फुटली. बोटांत रक्त धावले. कपालभद्राची विद्या त्याच क्षणी उतरली. तो साधा म्हातारा होऊन वेशीबाहेर गेला.

शनी पुढच्या अंशावर सरकला. दोघांच्या केसांत चांदी आली होती.

"जाताना काही ठेवून गेला का हो शनी?" राजाने विचारले.

"आपल्या दोघांना," राणी म्हणाली.

त्या राज्यात तेव्हापासून लोक शनीला भीत नाहीत. नीट ऐकून घेतात.